पालेभाजी आणि रक्ताची गोळी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते डॉक्टर रुग्णाला तपासण्याआधी 'काल रात्री काय जेवलात?' असं विचारत. त्यांचा हा प्रश्न मी आजचा विषय म्हणून घेतला आहे. ज्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली आहे, ज्यांच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली होती किंवा ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, अशा अनेकांना वॉरफरिन किंवा ॲसेनोकूमॅरॉल या गोळ्या चालू असतात. आपल्याकडे ॲसेनोकूमॅरॉल बरंच वापरलं जातं आणि जुन्या चिठ्ठ्यांवर त्याचंच निकूमॅलोन हे नाव दिसतं. या रुग्णांच्या फाइलवर बऱ्याचदा एक ओळ असते: 'हिरव्या पालेभाज्या बंद'. माझं म्हणणं असं, की या ओळीमागचं औषधशास्त्र खरं आहे, पण त्यातून काढलेला सल्ला चुकीचा आहे आणि कधीकधी धोक्याचाही. ते का, हे सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

1920च्या दशकात अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडात गुरं विचित्र पद्धतीने मरू लागली. शिंगं कापली किंवा खच्चीकरण केलं की जखमेतून रक्त थांबेचना. काही जनावरं तर काही न करताच आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत. फ्रँक स्कोफील्ड या कॅनडातल्या पशुवैद्यांनी याचा संबंध स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याशी जोडला. चारा चांगला असेल तर काही होत नसे. ओला राहून त्याला बुरशी लागली असेल तरच गुरं मरत. पुढे 1933च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी भर हिमवादळात मेलेली कालवड, सडका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन कार्ल पॉल लिंक या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. ही हकिकत लिंक यांनीच सांगून ठेवली आहे. चाऱ्यात काय आहे हे शोधायला त्यांच्या चमूला सहा वर्षं लागली. 1939मध्ये डायकूमॅरॉल हाती आलं. चाऱ्यातल्या सुगंधी कूमॅरिनपासून बुरशी ते तयार करत होती. त्याच कुळातलं आणखी जोरकस संयुग म्हणजे वॉरफरिन. 1948मध्ये ते आधी उंदीर मारायला बाजारात आलं आणि 1954मध्ये माणसांसाठी मान्य झालं. 'आम्हाला उंदराचं औषध देतात' असं काही रुग्ण कुरकुरतात, त्यात तथ्य आहे. फरक मात्रेचा आणि देखरेखीचा.

याच काळात, पण अगदी वेगळ्या वाटेने, कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम कोंबडीच्या पिलांना चरबीविरहित खाद्य देऊन पाहत होते. पिलांच्या कातडीखाली रक्त साकळू लागलं. खाद्यात काहीतरी कमी पडत होतं. गोठण्याशी संबंध असल्यामुळे 1935मध्ये त्या पदार्थाचं नाव जीवनसत्त्व 'के' ठेवलं गेलं. म्हणजे एकीकडे गुरांच्या पोटात काहीतरी जास्तीचं गेल्यामुळे रक्त गोठेना आणि दुसरीकडे पिलांच्या पोटात काहीतरी कमी पडल्यामुळे गोठेना. या दोन्ही गोष्टी यकृतातल्या एकाच ठिकाणी जाऊन मिळतात.

ते ठिकाण आता नीट पाहू. रक्त गोठवणारी अनेक प्रथिनं यकृत बनवतं. त्यातली चार, म्हणजे दोन, सात, नऊ आणि दहा क्रमांकाचे घटक, बनली तरी लगेच कामाची नसतात. त्यांच्या साखळीतल्या ग्लुटामिक आम्लाच्या काही कड्यांवर एक जादा कार्बोक्सिल गट चढवावा लागतो. तो चढला की ती कॅल्शियम धरू शकतात आणि कॅल्शियम धरलं की जखमेच्या जागी चिकटू शकतात. न चढलेलं प्रथिन रक्तात फिरतं, पण ऐन वेळी उपयोगी पडत नाही. हा गट चढवणाऱ्या विकराला जीवनसत्त्व के लागतं, आणि काम झालं की ते जीवनसत्त्व एका निरुपयोगी रूपात, एपॉक्साइडमध्ये, बदलतं. आपल्या जेवणातून येणारं के इतकं थोडं असतं, की ते एकदाच वापरून टाकून देणं शरीराला परवडत नाही. म्हणून दुसरं एक विकर एपॉक्साइडला पुन्हा मूळ रूपात आणतं. एकच रेणू असा पुन्हा पुन्हा कामाला लागतो.

वॉरफरिन आणि ॲसेनोकूमॅरॉल या दुसऱ्या विकराला अडवतात. पूर्वी गोटी सोड्याचा कारखाना गावातून रिकाम्या बाटल्या गोळा करून, धुऊन पुन्हा भरत असे. गोळी म्हणजे त्या कारखान्याचं बाटल्या धुण्याचं खातं बंद करणं. सोडा कमी पडू लागतो, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. पण एखाद्या आठवड्यात नव्या कोऱ्या बाटल्यांनी भरलेला ट्रक दाराशी आला, तर धुण्याचं खातं बंद असूनही सोडा पूर्वीसारखा भरला जाईल. पालेभाजी हा तो ट्रक. भर एवढीच घालतो, की नव्या के रेणूला कामाच्या रूपात आणायला यकृतात आणखी एक वाट आहे. ती वॉरफरिनला दाद देत नाही, पण के भरपूर असेल तेव्हाच ती उपयोगी पडते. म्हणूनच फार रक्तस्राव होत असेल तर डॉक्टर उतारा म्हणून जीवनसत्त्व के देतात. तो उतारा मिलिग्रॅममध्ये असतो आणि जेवणातलं के मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात, हे लक्षात असू द्या.

आता दिवसांचा हिशेब. गोळीची मात्रा बदलली किंवा जेवण बदललं तरी त्याच संध्याकाळी रक्तात काही कळत नाही. आधी बनवून ठेवलेले घटक संपायला वेळ लागतो. सातव्या घटकाचं अर्धं प्रमाण साधारण सहा तासांत उरतं, तर दुसऱ्याला, म्हणजे प्रोथ्रॉम्बिनला, त्यासाठी अडीच-तीन दिवस लागतात. त्यामुळे बदलाची पहिली झलक दोन-तीन दिवसांत दिसते आणि पुरता परिणाम दिसायला आठवडा जातो. रक्त किती उशिरा गोठतं हे आयएनआर या तपासणीवरून कळतं. गोळी नसलेल्या माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. गुठळ्या आणि अनियमित ठोक्यांसाठी 2 ते 3, डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर साधारण 2.5 ते 3.5, असं लक्ष्य ठेवतात. आकडा खाली गेला तर झडपेवर गुठळी बसते आणि वर गेला तर रक्त वाहतं. या पट्ट्याच्या दोन्ही कडांपलीकडे धोका आहे, म्हणून इतका काटेकोरपणा.

पालेभाजीतच के इतकं का? झाडाचं पान प्रकाशातून ऊर्जा घेतं तेव्हा हरितकणांत इलेक्ट्रॉन पुढे नेण्याचं एक काम के करतं. म्हणून पान जितकं हिरवं, तितकं के जास्त. कोबीच्या बाहेरच्या हिरव्या पानात आतल्या पांढऱ्या गड्ड्यापेक्षा अधिक. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांत 100 ग्रॅम कच्च्या पालकात 480 मायक्रोग्रॅमच्या आसपास के आहे, कोथिंबिरीत 310, राजगिऱ्याच्या पानात हजाराच्या वर, कोबीत 76, भेंडीत तिसेक, टोमॅटोत आठेक, बटाट्यात दोनच. दिवसाची गरज म्हणाल तर वजनाच्या किलोमागे सुमारे एक मायक्रोग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60. पालकाची एक मोठी वाटी कागदावर कित्येक दिवसांची गरज भागवते.

कागदावर म्हणालो, कारण पानातलं के हरितकणांच्या पडद्यांत घट्ट बसलेलं असतं आणि त्याचा थोडाच भाग आतड्यातून आत येतो. पालक नुसता खाल्ला तर अगदी थोडं शोषलं जातं. लोण्यासोबत खाल्ला तर त्याच्या काहीपट. हे प्रयोगाने मोजलेलं आहे. आपली भाजी तेलात फोडणी दिलेली असते, तेव्हा आपल्या ताटात शोषणाची सोय आधीच झालेली आहे. इथे एक गैरसमज दूर करतो. भाजी उकळून पाणी फेकलं की के निघून जातं, असं अनेक घरांत समजतात. के तेलात विरघळतं, पाण्यात नाही, आणि शिजवल्याने फारसं नासतही नाही. पाणी फेकल्याने जाईल ते दुसरं काही. के भाजीतच राहील.

आता एक रुग्ण घेऊ. ही कुणी एक बाई नाही. मी पाहिलेल्या अनेकींना एकत्र करून तिला उभी केली आहे. वय चौतीस. लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन मायट्रल झडप खराब झाली, तिथे धातूची बसवली. ॲसेनोकूमॅरॉल रोज संध्याकाळी 2 मिलिग्रॅम. घरी गेल्यावर तिने फाइलवरची ओळ प्रामाणिकपणे पाळली. बटाटा, दुधी, दोडका, वांगं, वरण-भात. कोथिंबीरही वरून भुरभुरायची नाही. दिवसाचं के समजा 30-40 मायक्रोग्रॅम. या जेवणावर 2 मिलिग्रॅमची मात्रा बसली, आयएनआर 2.8. सगळं छान. निदान फाइलवर तरी.

नोव्हेंबरअखेर ती माहेरी जाते. शेतावर मेथी, चाकवत, पालक यांचा हंगाम. आई म्हणते, 'हे घरचं आहे, औषध मारलेलं नाही, खा गं.' रोज दोन वेळा भाकरीबरोबर पालेभाजी, आठ दिवस. परत येते तेव्हा आयएनआर 1.6. गोळी तीच आहे, एकही चुकलेली नाही, पण के कित्येक पटींनी वाढलं. डॉक्टर विचारतात, 'गोळी घेत होतीस ना?' ती म्हणते हो, आणि ते खरंच आहे. जेवण कुणी विचारत नाही. मात्रा 3 मिलिग्रॅम केली जाते. पण ती आता सासरी आहे आणि ताटात पुन्हा दुधी-बटाटा. के परत 40वर आलं, गोळी मात्र दीडपट. तीन आठवड्यांनी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, दंडावर न आपटताच निळे डाग, पाळीत अंगावरून जास्त जातं. आयएनआर 5.8. मग गोळी काही दिवस बंद, मग 2 मिलिग्रॅम, मग बहुधा पुन्हा खाली. फाइलवर शेरा पडतो: 'आयएनआर अस्थिर'. माझ्या मते इथे रक्त अस्थिर नव्हतं. ताट बदललं, आणि मात्रा त्या ताटाच्या मागे दोन आठवडे उशिरा धावत राहिली.

यातला 1.6चा टप्पा जास्त भयंकर होता, हे रुग्णांना पटवणं कठीण जातं, कारण रक्त दिसतं आणि गुठळी दिसत नाही. धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज रात्री शांततेत रुग्णाला स्वतःला ऐकू येतो. तो आवाज दबका वाटू लागला, चालताना दम लागू लागला, बोलणं अडखळलं किंवा अर्धं अंग लुळं पडलं, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं. सकाळची वाट पाहायची नाही.

आता त्याच बाईला वेगळी सुरुवात देऊन पाहा. ती पहिल्यापासून आठवड्यातून चार दिवस एक वाटी पालेभाजी खाते आहे, कोथिंबीर नेहमीसारखी. तिचं रोजचं सरासरी के 150च्या घरात आहे आणि डॉक्टरांनी त्या जेवणावर मात्रा ठरवली. समजा ती 2.5 मिलिग्रॅम निघाली. गोळी जरा जास्त लागली, यात काहीच वाईट नाही. आता ती माहेरी गेली आणि दिवसाला 100 मायक्रोग्रॅम जास्त खाल्लं, तर तिचं के दुपटीपेक्षाही कमी वाढेल. पहिल्या बाईचं तेच 100 म्हणजे साडेतीनपट. बाहेरून येणारा धक्का सारखाच, पण ज्याच्याकडे के मुळातच किरकोळ आहे त्याला तो किती तरी मोठा बसतो. शरीरात के चा साठा असा फार नसतोच; काही दिवसांत तो उतरतो. म्हणून कमी खाणारा रुग्ण दोन्ही बाजूंनी हलका: भाजी मिळाली की आयएनआर झपकन खाली, आणि ताप-जुलाबात दोन दिवस जेवला नाही की झपकन वर.

हे केवळ माझं तर्कशास्त्र नाही. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी वॉरफरिन घेणाऱ्यांच्या जेवणाची नोंद ठेवली, तेव्हा आधीच्या चार दिवसांत 100 मायक्रोग्रॅम के वाढलं की आयएनआर सरासरी 0.2ने उतरतो असं दिसलं. त्याच गटाने पुढे पाहिलं की ज्यांचा आयएनआर विनाकारण वरखाली होतो त्यांच्या जेवणात के तुलनेने कमी असतं. मग 2007मध्ये त्यांनी अशा रुग्णांतल्या काहींना रोज 150 मायक्रोग्रॅम के ची गोळी दिली, आणि त्यांचा आयएनआर इतरांपेक्षा अधिक स्थिर झाला. रक्त गोठणं कमी करणाऱ्या औषधासोबत त्याचंच विरोधी औषध थोडं थोडं द्यायचं, ही कल्पना ऐकायला उलटी वाटते. पण पुढच्या अभ्यासांत हा फायदा तितका ठळक राहिला नाही आणि 2012च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी सर्वांना के ची गोळी देऊ नका असंच सांगितलं. तेव्हा दुकानातून के आणून सुरू करू नका. मला यातून घ्यायचं ते इतकंच, की के कमी करणं हा स्थिरतेचा मार्ग नाही.

ताटात के फक्त भाजीतून येतं असं समजून चालणार नाही. तेलाकडे पाहा. शेंगदाणा तेलात के जवळजवळ नसतं, सूर्यफुलात थोडं. सोयाबीन तेलात 100 ग्रॅमला शे-दीडशे मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असतं. घरात प्रत्येकी रोज 30 ग्रॅम तेल जात असेल, तर शेंगदाण्यावरून सोयाबीनवर गेल्याने माणशी 30 ते 50 मायक्रोग्रॅम रोज वाढतील, आणि तेही तेलात विरघळलेले, म्हणजे सहज शोषले जाणारे. शेंगदाणा तेलाचा भाव चढला म्हणून महिन्याच्या किराण्यात डबा बदलला, हे कुणी डॉक्टरला सांगत नाही. तसंच गव्हांकुराचा रस, शेवग्याच्या पानांची पूड, डब्यातली प्रोटीन पावडर, मल्टिव्हिटॅमिन. हे सगळं 'नैसर्गिक' किंवा 'ताकदीचं' म्हणून घरात येतं. जपानी नात्तो हा पदार्थ तर या रुग्णांना सरळ वर्ज्यच करतात. त्यात के चा दुसरा प्रकार प्रचंड असतो आणि शरीरात बराच काळ टिकतो. परदेशी राहणाऱ्या मुलाकडे गेलेल्या आईबाबांनी हे ध्यानात ठेवावं.

आपल्याकडे याची आणखी एक बाजू आहे: उपवास. नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा, वरई, बटाटा, रताळं, शेंगदाणे. यात के किती? जवळजवळ नाहीच. ज्यांची मात्रा रोजच्या पालेभाजीवर बेतलेली आहे त्यांचा आयएनआर नवव्या दिवसाला वर सरकलेला असेल. उपवास करू नका असं मी म्हणणार नाही, तो तुमचा प्रश्न आहे. पण आठवडाभर आधी डॉक्टरांना सांगा आणि मधल्या काळात एक आयएनआर काढून घ्या. श्रावणात रानभाज्या येतात, थंडीत मेथी स्वस्त होते, उन्हाळ्यात पालेभाजी महाग होते. आपल्या घरातलं के वर्षभर हवामानाबरोबर हलत असतं. ज्या रुग्णाचा आयएनआर दर वर्षी डिसेंबरात खाली जातो त्याचं कारण भाजीबाजारात शोधून पाहा.

दोन गोष्टी झटक्यात सांगतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या प्लेटलेट्सवर काम करतात, के शी त्यांचा संबंध नाही. अँजिओप्लास्टीनंतर फक्त याच गोळ्या घेणारे कित्येक जण उगाच पालक सोडून बसले आहेत. त्यांनी खुशाल खावा. दुसरं, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान या नव्या गोळ्या गोठण्याच्या घटकांना थेट अडवतात, म्हणून त्यांनाही भाजीचं पथ्य नाही. मग सगळ्यांना त्याच का देत नाहीत? धातूच्या झडपेत डॅबिगॅट्रानचा प्रयोग 2013मध्ये गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे सोडून द्यावा लागला. 2022मध्ये ऱ्हुमॅटिक हृदयविकारात रिव्हारोक्साबानपेक्षा जुनी वॉरफरिन-कुळातली औषधंच सरस ठरली. ऱ्हुमॅटिक झडपा आपल्या देशात अजून पुष्कळ आहेत. तेव्हा ही जुनी गोळी आणि तिच्याबरोबरचा हा जेवणाचा हिशेब आपल्याकडे अजून बरीच वर्षं राहणार.

रुग्णांना माझं सांगणं असं. आठवड्यात किती वाट्या पालेभाजी खाता ते ठरवा आणि साधारण तेवढीच खात राहा; मोजमाप मायक्रोग्रॅमचं नको, वाटीचं पुरे. ती वाटी आत्ता शून्य असेल आणि तुम्हाला पुन्हा सुरू करायची असेल, तर एकदम करू नका. डॉक्टरांना सांगून करा, आणि आठवड्या-दहा दिवसांनी आयएनआर काढा, कारण मात्रा वाढवावी लागेल. गोळी स्वतःच्या मनाने कमीजास्त कधीही करू नका. आयएनआरच्या वहीत आकड्याशेजारी एक ओळ लिहा: गेल्या आठवड्यात गाव, लग्न, उपवास, ताप, नवं औषध, तेलात बदल. ताप आणि जुलाबात खाणं सुटतं आणि वर मेट्रोनिडॅझोल किंवा को-ट्रायमॉक्साझोलसारखं अँटिबायोटिक दिलं जातं. दोन्ही आयएनआर वर ढकलतात, म्हणून तेव्हा तपासणी लवकर करा.

आणि सभागृहात जे माझे व्यवसायबंधू-भगिनी बसले आहेत त्यांना एक विनंती. 1.6 असो वा 5.8, मात्रेला हात लावण्याआधी गेल्या दहा दिवसांचं जेवण विचारा. ज्या फाइलवर 'हिरव्या पालेभाज्या बंद' असं लिहिलं आहे, ती ओळ उद्याच खोडा आणि तिथे लिहा: 'पालेभाजी दर आठवड्याला सारखीच, बदलायची असेल तर आधी कळवा.'